चौकटीबाहेरच्या ओळी

आमच्या छापखान्यात त्याला नावानं कुणी हाक मारली नाही. तो जुळारी. शिशाचे खिळे एकेक उचलून ओळी जुळवायचा तेव्हाही जुळारी, आणि खिळे भंगारात जाऊन त्यांच्या जागी संगणक आला तेव्हाही जुळारीच. मी तिथली मुद्रितशोधक. माझ्या हातात सदा लाल पेन, म्हणून तो मला ‘लाल शाई’ म्हणायचा. आमचं पटत नसे. माझ्या मते तो आडमुठा होता आणि त्याच्या मते मी चुका काढायचाच पगार घेत असल्यामुळे नसलेल्याही काढत होते. तरी मधल्या सुटीतला चहा आम्ही एकाच टेबलावर प्यायचो, कारण त्या खोलीत टेबल एकच होतं.

जुळाऱ्याची एक खोड होती. खरं तर त्या धंद्यातल्या सगळ्याच चांगल्या लोकांची असते. तो मजकूर जुळवायचा, वाचायचा नाही. वाचायला लागलं की हात मंदावतो आणि चूक होते, असं त्याचं म्हणणं. प्रेमकथा असो, मृत्युपत्र असो, की खतांचं माहितीपत्रक असो, त्याच्या चेहऱ्यावरची रेघ हलायची नाही. त्याला अक्षर दिसायचं, ओळ दिसायची, ओळीच्या शेवटी उरलेली मोकळी जागा तर फारच दिसायची. एकदा एका लेखकानं विचारलं, शेवट कसा वाटला? जुळारी म्हणाला, “आटोपशीर. पानाच्या बरोब्बर तळाला आलाय.” लेखक बिचारा खूश होऊन गेला.

संगणक आला तेव्हा मालकांनी एक तयार फॉन्ट आणला. त्यात साधी अक्षरं ठीक होती, पण जोडाक्षरं म्हणजे मोडकी बाहुली. ‘त्त्व’ लिहायचं तर तीन तुकडे शेजारी ठेवायचे, आणि ते एकमेकांशी भांडल्यासारखे दिसायचे. जुळाऱ्याला ते सहन होईना. त्यानं फॉन्ट बनवायचा प्रोग्राम कुठूनसा मिळवला, शिकला, आणि फॉन्टातल्या रिकाम्या जागांवर स्वतःच्या हातानं काढलेली जोडाक्षरं बसवली. चाळीसेक असतील. ‘त्त्व’, ‘द्ध्य’, ‘ष्ट्र’, ‘ङ्म’ अशी. कीबोर्डवर त्यांना कळच नव्हती. डाव्या हातानं एक कळ दाबून धरायची आणि उजव्या हातानं बाजूच्या आकड्यांवर चार आकडे मारायचे, की ते अक्षर उमटे. त्याची बोटं ते आकडे न बघता मारत. आमच्या छापखान्याची पुस्तकं लोक अक्षरावरून ओळखायचे, ती याच्यामुळे. त्याला त्याचा अभिमान होता, आणि तो रास्त होता. मी हे त्याच्या तोंडावर कधी म्हटलं नाही, कारण आधीच हरभऱ्याच्या झाडावर बसलेल्या माणसाला आणखी वर कशाला चढवा.

त्याची बायको प्राथमिक शाळेत शिकवायची. आम्ही सगळे तिला वहिनी म्हणायचो. शांत बाई. निवृत्तीला थोडी वर्षं राहिली असताना त्यांनी एक पुस्तक लिहिलं. लहानपणाच्या, शाळेच्या आठवणी. मालकांनी छापायचं कबूल केलं आणि जुळवायला अर्थातच नवऱ्याकडे आलं. त्यानं ते इतर कुठल्याही कामासारखं जुळवलं. म्हणजे उत्तम जुळवलं, आणि वाचलं नाही.

शेवटची पानं चालू होती त्या दिवशी वहिनी शाळा सुटल्यावर छापखान्यात आल्या आणि त्याच्या शेजारच्या खुर्चीत बसल्या. मला वाटलं, पहिलंवहिलं पुस्तक, उत्सुकता असणारच. पडद्याकडे कमी आणि त्याच्या हातांकडे जास्त बघत होत्या. मजकूर संपला. जुळाऱ्यानं पानं मोजली आणि जीभ चावली. चार-पाच ओळी पुढच्या पानावर जात होत्या. पुस्तक फर्म्यात छापतात, म्हणजे सोळा पानं एका मोठ्या कागदावर, आणि एवढ्याशा ओळींसाठी सबंध फर्मा वाढणार होता.

तो म्हणाला, “थोडं कापावं लागेल.”

वहिनींनी विचारलं, “कुठलं कापू?”

“खालचंच काप. सोपं पडेल.”

“बरं,” वहिनी म्हणाल्या. उठल्या, माठातलं पाणी प्याल्या आणि घरी गेल्या. जुळाऱ्यानं त्या ओळी पुसल्या मात्र नाहीत. त्याची पद्धतच तशी. पान लावायच्या प्रोग्राममध्ये मजकूर एका चौकटीत ओतलेला असतो. चौकट लहान केली की न मावणाऱ्या ओळी आत मागे दडून राहतात. दिसत नाहीत, छापत नाहीत, पण असतात. दुसऱ्या आवृत्तीत जागा झाली तर घालू, असं तो म्हणाला. दुसरी आवृत्ती कधी निघाली नाही. त्या ओळी मी तपासल्या नाहीत, कारण माझ्याकडे छापलेलं प्रूफ येई. आणि त्यानं वाचल्या नाहीत, हे तर सांगायलाच नको.

पुढे त्याचे डोळे गेले. काचबिंदू. आधी कडेचं दिसेनासं झालं आणि शेवटी मधलंही. काम सुटलं. वहिनी सकाळी त्याला वर्तमानपत्र वाचून दाखवत. त्यात त्याची दोनेक वर्षं बरी गेली. मग वहिनीच गेल्या, काही दिवसांच्या आजारपणात, आणि घरात बोलणारं कुणी उरलं नाही.

मी अधूनमधून जायचे. तो खिडकीजवळ बसलेला असायचा, बोटं मांडीवर हलत असायची. एकदा मी विचारलं, काय चाललंय? म्हणाला, जुळवतोय. काय जुळवताय, तर म्हणे काही नाही, नुसतंच. मला त्याची काळजी वाटू लागली. आमचं कितीही भांडण असलं, तरी तो निकामी होऊन बसलेला मला बघवेना.

दृष्टिहीनांसाठी संगणकाचे वर्ग चालतात, तिथे मीच त्याला ओढत नेलं. शिकवणारी मॅडम जन्मापासून दृष्टी नसलेली, वयानं आम्हाला लेकीसारखी. बोलायला अशी फटकळ की मला पहिल्याच दिवशी आवडली. पडद्यावरचा मजकूर मोठ्यानं वाचणारा प्रोग्राम, म्हणजे स्क्रीन रीडर, तिनं त्याला शिकवला. बाणाची कळ खाली दाबली की पुढची ओळ ऐकू येते, आडवी दाबली की एकेक अक्षर. सुरुवातीला त्याच्या संगणकात मराठी आवाज नव्हता, म्हणून हिंदी आवाजावर भागवलं. तो आवाज ‘ज्ञान’ला ‘ग्यान’ म्हणायचा आणि जुळारी प्रत्येक वेळी त्याला दुरुस्त करायचा. मॅडम म्हणाली, काका, तो ऐकत नाही, फक्त बोलतो. जुळारी म्हणाला, ओळखतो मी असल्या लोकांना, आणि तोंड माझ्याकडे वळवलं.

मग फोनवर बोलून लिहायचं शिकला. तिथे वेगळीच तऱ्हा. इंटरनेट गेलं की त्याच्या फोनला मराठी कळेनासं व्हायचं. आणि विरामचिन्हांचा तर पत्ताच नाही. ‘पूर्णविराम’ म्हटलं की फोन टिंब द्यायचा सोडून तो अख्खा शब्दच लिहायचा. मला निरोप यायचे: ‘लाल शाई उद्या येताना बिस्किटं आणा पूर्णविराम मागच्या वेळची मऊ होती पूर्णविराम’. आयुष्यभर लोकांची विरामचिन्हं सुधारलेल्या बाईला असे निरोप म्हणजे जखमेवर मीठ. मी म्हटलं, तो शब्द म्हणूच नका. त्यावर तो म्हणाला, वाक्य संपलं हे सांगायला नको का? फोनला नाही कळलं तरी तुम्हाला कळेल.

वर्गात थोडा सरावल्यावर एके दिवशी त्यानं मनातलं सांगितलं. त्याला वहिनींचं पुस्तक वाचायचं होतं. मी म्हटलं, प्रत माझ्याकडे आहे, उद्यापासून रोज वाचून दाखवते. त्यानं मान हलवली. नको. तो म्हणाला, वर्तमानपत्र दुसऱ्यानं वाचून दाखवलं तर चालतं, हे चालायचं नाही. जिथं थांबावंसं वाटेल तिथं मला थांबायचंय, एखादं वाक्य दहा वेळा ऐकायचंय, आणि तेव्हा समोर कुणी बसलेलं नकोय. मग जरा वेळानं म्हणाला, “आणि तुमच्या प्रतीत त्या खालच्या ओळी नाहीत. तिनं शेवटी काय लिहिलं होतं, ते मला ठाऊक नाही. मीच कापायला लावलं आणि विचारलंसुद्धा नाही.”

हस्तलिखित छापून झाल्यावर केव्हाच रद्दीत गेलं होतं. त्या ओळी जगात एकाच ठिकाणी होत्या, छापखान्याच्या कोपऱ्यातल्या जुन्या संगणकात.

मालकांनी तो अजून टाकला नव्हता, हे नशीब. मी जाऊन पुस्तकाची फाइल उघडली आणि तिच्यातला सगळा मजकूर साध्या फाइलमध्ये काढून घेतला. असा काढला की चौकटीबाहेर दडलेलंही बरोबर येतं. पण ऐन वेळी घोटाळा झाला. जुळाऱ्याचा फॉन्ट त्या यंत्रावर उरलाच नव्हता. मधे केव्हातरी यंत्र बिघडलं, कुणीतरी ते पुसून नव्यानं मांडलं, फाइली परत घातल्या आणि फॉन्ट विसरले. पडद्यावर इंग्रजी अक्षरं आणि चित्रविचित्र चिन्हांचा नुसता सडा दिसत होता. शेवटच्या ओळी मला दिसत होत्या आणि वाचता येत नव्हत्या.

फाइल जुळाऱ्याच्या संगणकात घातली. त्यानं बाणाची कळ दाबली आणि तो आवाज इंग्रजीत बरळायला लागला. एम, के, स्लॅश, पाउंड, एस, येन, अशी अक्षरं आणि परदेशी चलनांची चिन्हं. जुळाऱ्याचा चेहरा पडला. मॅडमनं त्याला समजावलं. ती म्हणाली, काका, जुन्या फॉन्टात मराठी नसतंच. आत इंग्रजीचेच क्रमांक असतात, वर फक्त मराठी अक्षरांचा मुखवटा. बघणाऱ्याला मुखवटा दिसतो. आम्हाला मुखवटा दिसत नाही, आम्हाला आतलं ऐकू येतं. नव्या पद्धतीत, म्हणजे युनिकोडमध्ये, प्रत्येक मराठी अक्षराला स्वतःचा क्रमांक आहे, म्हणून ते वाचता येतं.

जुळाऱ्यानं कळेवरचं बोट काढून घेतलं. मग म्हणाला, “म्हणजे मी जन्मभर जे केलं, ते फक्त डोळे असणाऱ्यांसाठी.”

मला वाईट वाटलं. त्यात त्याचा काय दोष? तेव्हा सगळेच तसं करत होते.

जुन्या फॉन्टातला मजकूर युनिकोडमध्ये बदलणारे प्रोग्राम असतात. मूळ फॉन्ट पुष्कळ ठिकाणी चाले, त्यामुळे त्याचा मिळाला. त्यानं कामही बरं केलं. पहिली वेलांटी डोळ्याला अक्षराच्या आधी दिसते, म्हणून जुन्या फॉन्टात ती आधी टाइप केलेली असे. प्रोग्रामनं ती उचलून उच्चाराच्या जागी, अक्षराच्या मागे नेली. रफारही जागेवर आणला. पण जुळाऱ्यानं स्वतः काढलेली जोडाक्षरं त्या प्रोग्रामच्या सात पिढ्यांना माहीत नव्हती. तिथे तो अडायचा आणि चिन्ह तसंच ठेवायचा. वाक्य चालता चालता ‘महत्त्व’च्या जागी ‘महयेन’, मग ‘शुपाउंड’. एकही ओळ धड नाही. शेवटच्या ओळींकडे मी मुद्दाम गेले नाही, त्या आधी त्यानं ऐकायच्या होत्या. छापील प्रतीचा फोटो काढून वाचणारा प्रोग्रामही मॅडमनं लावून पाहिला. तोही नेमका त्याच सुंदर अक्षरांवर धडपडला, आणि शेवटच्या ओळी तर त्या प्रतीत नव्हत्याच. म्हणजे जुळाऱ्यानं ज्या अक्षरांवर जीव ओतला, तीच त्याच्या आणि वहिनींच्या मधे उभी होती.

मॅडमनं विचारलं, कुठल्या क्रमांकावर कुठलं अक्षर ठेवलं होतं, ते आठवतंय का? त्यानं डोक्याला ताण दिला आणि नाही म्हणाला. लिहून ठेवलं नव्हतं. कशाला ठेवेल? दुसऱ्या कुणाला वापरायचं नव्हतं.

मी त्याच्या मांडीकडे बघत होते. बोटं हलत होती. मी म्हटलं, “जुळारी, ‘महत्त्व’ जुळवा.”

त्याची उजवी बोटं मांडीवर चार ठिकाणी आपटली. मी म्हटलं, काय मारलंत? तो म्हणाला, मला काय माहीत.

मॅडमच्या लॅपटॉपला बाजूचे आकडे नव्हते. मी छापखान्यातला त्याचाच जुना कीबोर्ड आणला, ज्याच्या आकड्यांवरची छपाई बोटांनी पुसून गेली होती. तो लॅपटॉपला जोडून जुळाऱ्यापुढे ठेवला आणि छापील प्रत उघडून एकेक शब्द सांगत गेले. शुद्ध्यर्थ म्हटलं, राष्ट्र म्हटलं, वाङ्मय म्हटलं. विचार न करता त्याची बोटं आकडे मारत. दाबल्याबरोबर स्क्रीन रीडर ते चिन्ह बोलून दाखवी, येन, पाउंड, कॉपीराइट, आणि मॅडम ‘येन म्हणजे त्त्व’ असं आपल्या तक्त्यात भरत जाई. मधेच तो थांबून आठवायला लागला की हमखास चुकायचा. मॅडम म्हणायची, काका, डोकं लावू नका. आयुष्यात पहिल्यांदा कुणीतरी त्याला न वाचता जुळवायला सांगत होतं, आणि त्याला हसू आलं. वहिनी गेल्यावर मी त्याला हसताना तेव्हाच पाहिलं. दोन-तीन अक्षरं बोटांनाही आठवली नाहीत. ती मी छापील पान आणि पडद्यावरची चिन्हं शेजारी ठेवून शोधली. दोन आठवडे दुपारी आम्ही तिघं तेच करत होतो.

तक्ता भरला, मॅडमनं तो प्रोग्रामला जोडला, आणि फाइल पुन्हा फिरवली. या वेळी नव्यानं घातलेल्या मराठी आवाजात, एकही येन-पाउंड न येता, पुस्तक वाचलं जाऊ लागलं. पहिलंच वाक्य शाळेच्या घंटेबद्दल होतं. जुळाऱ्यानं ऐकलं, इअरफोन कानात घातले आणि आम्हाला जायला सांगितलं. आभारबिभार काही नाही. आम्ही गेलो.

आठवडाभर त्याचा निरोप आला नाही. मग आला: ‘लाल शाई दुपारी या शेवटचं पान राहिलंय पूर्णविराम’.

मी गेले. पुस्तक कसं वाटलं, हे मी विचारलं नाही, पण तो आपणहून बोलला. म्हणाला, ती लहानपणी पायऱ्यांवर बसून पाढे म्हणायची, मला माहीत नव्हतं. एवढी वर्षं एका घरात राहून मला पुष्कळच माहीत नव्हतं. मी म्हटलं, मग शेवटचं पान माझ्यासाठी कशाला ठेवलंत, एकट्यानं वाचायचं होतं ना? तो म्हणाला, “छापलेलं सगळं तुमच्या नजरेखालून गेलंय. तेवढ्याच ओळी गेलेल्या नाहीत. आणि खरं सांगू का, मला भीती वाटते.”

त्यानं इअरफोन काढून ठेवले. बाणाच्या कळेवर बोट ठेवलं आणि दाबलं. तो आवाज, ज्याला दुःखही कळत नाही आणि आनंदही कळत नाही, ओळीमागून ओळ वाचू लागला.

“हे पुस्तक जुळवणारा माणूस माझा नवरा आहे.”

त्यानं कळ दाबली.

“तो अक्षरं बघतो, वाचत नाही. इतक्या वर्षांत एवढं मला कळलंय.”

पुन्हा दाबली.

“म्हणून त्याचे आभार इथे, अगदी शेवटी, गुपचूप मानते.”

“ही ओळ जुळवताना मी शेजारी बसून त्याचे हात बघणार आहे. बोटं थांबली, तर समजेन, त्यानं मला वाचलं.”

पुढे आणखी एक ओळ होती. ती आली नाही. जुळाऱ्याचं बोट कळेच्या वर, हवेत थांबलं होतं. मला ती दुपार आठवली. शेजारची खुर्ची, हातांकडे बघणाऱ्या वहिनी, न अडखळता चाललेली बोटं, मग ‘खालचंच काप’, आणि त्यांचं ‘बरं’. मला रडू आलं आणि मी ते लपवलं नाही. समोर बघणारं कुणी नव्हतं म्हणून नव्हे. लपवायला जमलंच नाही.

बोट तसंच राहिलं. रस्त्यावर कुणीतरी गाडी सुरू करायचा प्रयत्न करत होतं, ती सुरू होऊन निघूनही गेली. मग त्यानं कळ दाबली.

“नाही थांबली तरी मी रागावणार नाही. माझा शब्द त्याच्या हातून सरळ ओळीत बसला, हेही थोडं नाही.”

फाइल संपली. त्यानं विचारलं, “चूक आहे कुठे?”

मी म्हटलं, “नाही. छापायला हरकत नाही.”

त्यानं मान हलवली. मी चहा केला, दोघांनी प्यायला.

संध्याकाळी घरी पोचले तेव्हा फोनवर निरोप आलेला होता. लिहिलं होतं: ‘मालकांना सांगा दुसरी आवृत्ती काढा त्या ओळी परत घाला पान वाढलं तर वाढू दे पूर्णविराम’.

तो निरोप मी होता तसाच मालकांना पाठवला. त्यातला शेवटचा शब्दही खोडला नाही.